भिंतीवरची खूण आणि दवाखान्यातला आकडा

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमच्या मुलीला नुकतंच आठवं वर्ष पूर्ण झालं. दर वाढदिवसाला आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिच्या उंचीची खूण करतो. गेल्या वर्षीची खूण ११८.४ सेंटिमीटरवर आहे, यंदाची १२१.२ वर. वर्षभरात धड तीन सेंटिमीटरसुद्धा नाही! घाबरून दहा दिवसांनी डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांच्या स्टेडिओमीटरवर ११९.९ च भरली. ते म्हणाले, वयानुसार उंचीच्या तक्त्यातल्या रेषांच्या आत आहे, सहा महिन्यांनी याच यंत्रावर पुन्हा मोजू. पण यात सहा महिने वाया तर जाणार नाहीत ना? माझ्या जाऊबाई म्हणतात, हार्मोनची इंजेक्शनं लवकर सुरू केली तरच उपयोग होतो. खरं माप कुठलं धरायचं? दोन्ही वाढदिवसांना खूण करतानाचे फोटो सोबत पाठवते. — एक आई, सातारा

उत्तर : नमस्कार ताई. आजची उंची म्हणून ११९.९ धरा. वर्षभरातली वाढ म्हणून मात्र सध्या कुठलाच आकडा धरू नका. २.८ नाही आणि ११९.९ मधून ११८.४ वजा करून येणारा १.५ तर नाहीच नाही. दोन वेगळ्या पद्धतींनी घेतलेल्या मापांची वजाबाकी करून काही हाती लागत नाही. आणि भिंतीवरच्या दोन खुणा एकाच भिंतीवर असल्या, तरी त्या एकाच पद्धतीने घेतलेल्या नाहीत. हे मी तुमचे फोटो नीट बघून म्हणते आहे.

गेल्या वर्षीच्या फोटोत ती शाळेच्या गणवेशात आहे, खिडकीतून कोवळं ऊन येतंय, म्हणजे सकाळची वेळ. केसांचा उंच पोनी बांधलाय आणि तिच्या बाबांनी एक जाड पुस्तक त्या पोनीवर टेकवलंय. यंदाच्या फोटोत फ्रॉक आहे, ट्यूबलाइट लागलेली आहे, केस कापून बॉब केलाय आणि पुस्तकाऐवजी प्लास्टिकची फूटपट्टी आहे. माणूस, वेळ, केस आणि साधन, चारही गोष्टी बदलल्या. यातल्या प्रत्येकीचा आकड्यावर किती परिणाम होतो, ते बघू या.

सर्वांत मोठा घोळ डोक्यावर ठेवलेल्या वस्तूचा असतो. मूल भिंतीला पाठ लावून उभं राहिलं, की डोक्याचा सर्वांत उंच भाग भिंतीपासून साधारण दहा सेंटिमीटर पुढे येतो. आपण खूण करतो भिंतीवर. त्या दहा सेंटिमीटरच्या अंतरात पुस्तक जराही तिरकं झालं, की डोक्याची उंची आणि खुणेची उंची वेगळी होते. तुमच्या पहिल्या फोटोतलं पुस्तक वीस-बावीस सेंटिमीटर लांब असावं, आणि त्याचं पुढचं टोक निदान दोन सेंटिमीटरने खाली झुकलंय. पुढचं टोक खाली गेलं की भिंतीकडचं वर उचललं जातं. हिशेब केला तर खूण सुमारे ०.९ सेंटिमीटर जास्त वर पडते. तेच पुढचं टोक वर राहिलं असतं तर खूण तेवढीच खाली पडली असती. मूल तेच, भिंत तीच, आणि नुसत्या हाताच्या कलामुळे पावणेदोन सेंटिमीटरपर्यंतचा फरक. खूण करणाऱ्याला हा कल दिसतही नाही, कारण त्याचे डोळे पेन्सिलीवर असतात. यंदा तुम्ही फूटपट्टी पुढच्या टोकाला धरून दाबलेली दिसते. पातळ पट्टी तशी दाबली की तिचंही भिंतीकडचं टोक वर जातं.

दुसरी गोष्ट केसांची. उंची कवटीची मोजायची असते. उंच पोनीखाली बांधलेले केस आणि रबर मिळून सहज एक-दीड सेंटिमीटर होतात. यंदाच्या बॉबमध्ये तेवढी भर पडलेली नाही. म्हणजे न्हाव्याने कापलेले केस तुमच्या भिंतीवर 'कमी झालेली वाढ' म्हणून नोंदले गेले असण्याची दाट शक्यता आहे.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि ही फार थोड्या पालकांना माहीत असते. आपण सगळेच सकाळी उठल्यावर जास्त उंच असतो. मणक्यांच्या मधल्या चकत्या रात्री आडवं पडल्यावर पाणी शोषून फुगतात आणि दिवसभर उभं राहून, बसून, उड्या मारून दबत जातात. मुलांमध्ये हा फरक अर्धा ते एक सेंटिमीटर असतो, कधी त्याहून थोडा जास्त. त्यातला बराचसा भाग उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच कमी होतो. शाळेला जायच्या आधी घेतलेलं माप आणि वाढदिवसाचा दंगा आटोपल्यावर रात्री घेतलेलं माप यांत हा फरक आलाच.

फोटोत आणखी एक गोष्ट दिसते. भिंतीच्या तळाशी टाइल्सचं स्कर्टिंग आहे, बोटभर पुढे आलेलं. टाचा त्याला टेकतात, त्यामुळे भिंतीला टेकायला अंग मागे रेलतं. नुसत्या रेलण्याने उंची फारशी बदलत नाही, अगदी मिलिमीटरभरही नाही. पण रेलणाऱ्या मुलाची हनुवटी वर जाते, डोकं मागे कलतं, आणि मग पुस्तक कवटीच्या भलत्याच जागी टेकतं. मूल सरळ उभं राहायचा प्रयत्न करून भिंतीपासून सुटलं, तर ते दहा सेंटिमीटरचं अंतर आणखी वाढतं आणि पुस्तकाच्या कलाची चूक त्याबरोबर वाढते. यंदाच्या फोटोत पाय दिसतच नाहीत, त्यामुळे टाचा जमिनीवर होत्या की वाढदिवसाच्या उत्साहात थोड्या उचललेल्या होत्या, हे सांगता येत नाही.

आता दवाखान्यात काय वेगळं झालं ते बघा. स्टेडिओमीटर म्हणजे काही जादूचं यंत्र नव्हे. भिंतीला पक्का बसवलेला किंवा जड पायावर उभा असलेला खांब, त्यावर मिलिमीटरच्या खुणा, आणि खांबावरून वरखाली सरकणारी डोक्याची पट्टी, एवढंच. पण ती पट्टी खांबाशी काटकोनातच राहते, तिला कलायला वाव नसतो. पुस्तकाची ०.९ सेंटिमीटरची चूक तिथेच संपते. पायाखाली सपाट पाटा असतो आणि मागे स्कर्टिंग नसतं.

यंत्रापेक्षाही मोलाची असते ती मोजायची रीत. चपला-मोजे काढायचे, केस मोकळे सोडायचे, टाचा जुळवून मागे टेकवायच्या आणि पायांची बोटं थोडी बाहेर वळवायची. टाचा, कुल्ले आणि खांद्याची हाडं मागे टेकली पाहिजेत. डोकं टेकलं तर उत्तम. गुटगुटीत मुलांचं डोकं टेकत नाही, तेव्हा ते ओढून टेकवायचं नसतं. मग चेहरा असा धरायचा की डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत येईल. याला फ्रँकफर्ट रेषा म्हणतात. 'समोर बघ' म्हटल्यावर मुलं हमखास हनुवटी उचलतात, म्हणून मोजणाऱ्याने बाजूने बघून ती हाताने नीट करायची असते. दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं, बरेच जण त्याच वेळी कानामागच्या हाडांखाली बोटांनी अलगद वरच्या दिशेने आधार देतात, पट्टी केस दाबून कवटीला टेकेपर्यंत खाली आणायची आणि आपले डोळे आकड्याच्या पातळीत आणून मिलिमीटरपर्यंत वाचायचं. मग मुलीला बाजूला करायचं, पुन्हा उभं करायचं आणि पुन्हा मोजायचं. अशी घेतलेली दोन मापं सरावलेल्या हातात साधारण दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळतात.

तरीही स्टेडिओमीटर हे नाव असलेल्या प्रत्येक गोष्टीवर मी विश्वास ठेवणार नाही. वजनकाट्याला जोडलेली, ओढून वर काढायची लुळी पट्टी किंवा भिंतीवर चिकटवलेला जिराफाचा कागद यांची गणना मी तुमच्या पुस्तकातच करेन. ओळखायला सोपं आहे : डोक्याची पट्टी बोटाने वरखाली दाबून बघायची. ती कलली तर माप बिनभरवशाचं. चांगल्या दवाखान्यात ठरावीक लांबीची एक धातूची दांडी असते. ती यंत्रात उभी करून आकडा बरोबर येतो का, हे अधूनमधून तपासतात. पुढच्या वेळी विचारायला काहीच हरकत नाही. यंत्र कितीही चांगलं असलं, तरी सकाळ-संध्याकाळचा फरक मात्र त्याला पूर्ण पुसता येत नाही. दवाखान्यात किती वाजता मोजलं हे तुम्ही लिहिलेलं नाही. फाइलमध्ये तारखेपुढे वेळही लिहून ठेवा.

आता मूळ मुद्दा, आणि तुमच्या घाबरण्याचं कारणही इथेच आहे. उंची हा एक आकडा असतो, पण वाढ ही दोन आकड्यांची वजाबाकी असते. चूक दोन्ही वेळा सारखीच असेल, तर वजाबाकीत ती निघून जाते. समजा, तुमची शिवणकामाची टेप ताणली जाऊन शंभरात एक सेंटिमीटर कमी दाखवते आहे. मग भिंतीवरची प्रत्येक खूण सव्वा सेंटिमीटरने कमी वाचली जाईल, पण दोन खुणांमधला २.८ चा फरक जेमतेम ०.०३ ने चुकेल. अशा टेपने वाढीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दर वेळी बदलणाऱ्या चुकीने, आणि भिंतीची चूक बदलत राहते.

तुमचेच आकडे घेऊ. दहा दिवसांत मूल मिलिमीटर-दीड मिलिमीटरच वाढतं, ते सोडून देऊ. यंदाची खूण दवाखान्यापेक्षा १.३ सेंटिमीटर जास्त आहे, म्हणजे यंदा भिंत तेवढी चुकली. गेल्या वर्षी ती किती चुकली होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हाही नेमकी १.३ च चुकली असेल, तर वर्षाची वाढ २.८ सेंटिमीटर, आणि ती खरंच कमी आहे. पण गेल्या वर्षीच्या फोटोत पोनीचे दीड, पुस्तकाच्या कलाचे ०.९ आणि सकाळच्या वेळेचे ०.८ असे धरले, तर चूक ३.२ होते. मग तेव्हाची खरी उंची ११५.२ आणि वर्षाची वाढ ४.७ सेंटिमीटर. चार वर्षांच्या पुढे, वयात येण्याआधीपर्यंत मुलं वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतात आणि वयात येण्याच्या थोडं आधी हा वेग किंचित मंदावतो. चारच्या खाली गेला की आम्ही कान टवकारतो. तुमच्या दोन खुणांमधून २.८ ही निघू शकतात आणि ४.७ ही. तपासण्या करायला लागणारं मूल आणि काही न करायचं मूल यांत फरक सांगणं या खुणांना शक्यच नाही.

याची दुसरी बाजू मला जास्त भिववते. तुमच्या भिंतीने तुम्हाला घाबरवलं म्हणून निदान तुम्ही दवाखान्यात गेलात. हीच चूक उलटी पडली असती, म्हणजे गेल्या वर्षी केस बारीक आणि यंदा पोनी, गेल्या वर्षी रात्री आणि यंदा सकाळी, तर तीन सेंटिमीटर वाढलेलं मूल भिंतीवर साडेपाच वाढलेलं दिसलं असतं आणि तुम्ही निश्चिंत राहिला असतात. थायरॉइड मंदावणं, गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा सिलिॲक आजार, वाढीच्या हार्मोनची खरीखुरी कमतरता, या सगळ्यांची पहिली खूण अनेकदा हीच असते, की मूल एरवी ठणठणीत दिसतं आणि वाढीचा वेग मात्र हळूच कमी होतो. पालकांनी भिंतीवर विसंबून दोन-तीन वर्षं घालवलेली असतात, अशी मुलं आमच्याकडे येत असतात.

तुमच्या डॉक्टरांनी सहा महिनेच का सांगितले, तेही या वजाबाकीतूनच समजेल. चांगल्या हातात एका मापात तीनेक मिलिमीटर इकडेतिकडे होतात, दोन मापांच्या वजाबाकीत मिळून साधारण चार. सहा महिन्यांत निरोगी मूल अडीच ते तीन सेंटिमीटर वाढतं, तेव्हा चार मिलिमीटरची चूक चालून जाते. तीन महिन्यांनी मोजलंत, तर वाढ सव्वा ते दीड सेंटिमीटर, आणि वर्षाचा वेग काढायला तिला चारने गुणायचं म्हणजे चूकही चारपट, दीड सेंटिमीटरच्या पुढे. त्यातून पुन्हा खोटी भीती नाहीतर खोटा दिलासा. दर महिन्याला मोजणं तर मुलीला नुसता ताप देणं आहे. मोजण्याचं शास्त्र ज्यांनी घडवलं, त्या जेम्स टॅनर यांच्या इंग्लंडमधल्या हार्पेंडनच्या अभ्यासात १९४८ ते १९७१ या काळात मुलांची मापं बहुतांशी एकाच माणसाने, व्हाइटहाउस यांनी घेतली. हार्पेंडन स्टेडिओमीटर हे नावही तिथूनच आलं. तुम्हालाही जमलं तर तेच यंत्र, तोच मोजणारा हात आणि दिवसाची तीच वेळ धरा.

हे सहा महिने वाया जात नाहीत, कारण दरम्यान दोन कामं होतात. एक, शाळेतली किंवा लसीकरणाच्या वेळची जुनी उंची कुठे लिहिलेली असेल तर शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. त्याच दवाखान्यातलं जुनं माप सापडलं तर सोन्याहून पिवळं. मग सहा महिने थांबायचीही गरज पडणार नाही. दुसरं, तुम्ही दोघांनीही त्याच स्टेडिओमीटरवर उंची मोजून घ्या. मुलीची अपेक्षित उंची काढताना आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून त्यातून १३ वजा करतात आणि उत्तराला दोनने भागतात. उदाहरणार्थ, आई १५२ आणि वडील १६५ असतील तर १५२. पण बहुतेक बाबा आपली उंची सांगताना दोन-तीन सेंटिमीटर वाढवूनच सांगतात, आणि मग मुलीचं लक्ष्य एक-दीड सेंटिमीटरने उगाच वर जातं. तिच्या उंचीचं टिंब भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या वाढीच्या तक्त्यावर या लक्ष्याच्या आसपासच्या रेषेवर बसतं का, हे डॉक्टर बघतील.

इंजेक्शनांचं म्हणाल, तर जाऊबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. ज्या मुलांना हार्मोनची खरी कमतरता आहे, त्यांना उपचार लवकर मिळाला तर फायदा जास्त होतो. पण ती कमतरता ठरवायला आधी यंत्रावर मोजलेला वाढीचा वेग लागतो, मग हाडांच्या वयाचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या आणि शेवटी औषध देऊन, ठरावीक वेळाने पुन्हापुन्हा रक्त घेऊन केलेली हार्मोनची चाचणी. रोज टोचायचं इंजेक्शन भिंतीवरच्या खुणेच्या आधारावर कुणी सुरू करायला निघालं, तर तिथून सरळ उठून या. उंची वाढवायच्या पावडरींवरही एक रुपया घालवू नका.

काही गोष्टींसाठी मात्र सहा महिने थांबायचं नाही. सतत डोकं दुखणं, सकाळी उलट्या, नजर कमी होणं, वजन घटणं, जुलाब लांबणं, खूप तहान लागणं, किंवा छातीची वाढ सुरू झालेली दिसणं, यातलं काही असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

भिंतीवरच्या खुणा बंद करा असं मी म्हणणार नाही, तिला त्या आवडत असतील. फक्त जागा बदला. लोखंडी कपाटाची सपाट बाजू घ्या, तिथे स्कर्टिंग नसतं. पुस्तकाऐवजी सुताराचा गुण्या वापरा : एक बाजू कपाटाला चपखल लावायची, दुसरी डोक्यावर. ती काटकोनात असल्यामुळे कलणार नाही. केस मोकळे, पाय उघडे, वेळ दर वर्षी तीच, आणि खूण करणारं माणूस तेच. तीनदा मोजा, दर वेळी तिला दोन पावलं पुढे येऊन पुन्हा उभी राहू द्या, आणि आधीची खूण हाताने झाकून नवी करा. तीन खुणा अर्ध्या सेंटिमीटरच्या आत पडल्या तर तुमचा हात बसला. एक-दीड सेंटिमीटरमध्ये विखुरल्या, तर तेवढीच तुमची चूक आहे असं समजा. हे आकडे एका वहीत आणि दवाखान्यातले दुसऱ्या, एकमेकांतून वजा करायचे नाहीत.

सहा महिन्यांनी जाल तेव्हा साधारण त्याच वेळी जा, त्या दिवशी पोनी बांधू नका आणि आकडा मिलिमीटरपर्यंत लिहून मागा. १२२.४ ते १२२.९ च्या आसपास आला तर वेग छान आहे, पुढचं माप आणखी सहा महिन्यांनी. १२१.९ च्या खाली आला, तर त्याच भेटीत पुन्हा एकदा मोजायला सांगा, आणि तोच आकडा आला तर थायरॉइड, सिलिॲक आणि हाडांचं वय या तपासण्या करायची वेळ आली आहे, मग आणखी सहा महिने थांबू नका.